मुद्देमालातली वही

पोलीस खात्यात एकवीस वर्षं काढल्यावर माझे गुडघे बंदोबस्ताला उभे राहीनात, तेव्हा मोठ्या साहेबांनी मला मुद्देमाल कारकून केलं. आमच्या ठाण्याचं नाव सांगत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. घर विठ्ठलवाडीला, नवरा कारखान्यात, मुली शिकत होत्या. बसून करायचं काम मिळालं म्हणून घरी सगळ्यांना बरं वाटलं.

मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेली वस्तू. ठाण्याच्या मागच्या खोलीत मांडण्यांवर गोण्या, डबे, लाखेचं सील मारलेली पाकिटं असत. प्रत्येकाला गुन्हा नंबर असलेली चिठ्ठी. केसचा निकाल लागला, की निकालाच्या शेवटी न्यायाधीश लिहितात, कोणत्या वस्तूचं काय करायचं. मालकाची असेल तर मालकाला परत. गुन्ह्यासाठी वापरलेली आणि किमतीची असेल तर सरकारजमा, मग तिचा लिलाव. आणि बिनकामाची किंवा घातक असेल तर नष्ट. पण निकाल लागला म्हणून लगेच हात लावायचा नाही. दोन महिने थांबायचं आणि अपील झालं असेल तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहायची.

पहिल्या वर्षात मी खोली अशी लावली, की साहेबांनी परेडला माझं नाव घेतलं. कित्येक वर्षांचे निकाल पडून होते. चोरीला गेलेली सायकल मी मालकाला बोलावून दिली. ज्या मुलाची होती तो आता बाप झाला होता. गावठी दारूचे कॅन पंचांसमोर ओतले. तलवारींचे तुकडे करून घेतले. कागद बघायचा, अनुक्रमांक बघायचा, वस्तू काढायची, पंचनामा लिहायचा. मला ते काम आवडायला लागलं होतं, हे कबूल करते.

खरवईची केस त्या गठ्ठ्यातच होती. तिथला एक शेतकरी, अंबरनाथच्या कारखान्यात नोकरी करून भातशेती सांभाळणारा, वारला. तो गेल्यावर दोन वर्षांनी दोन माणसं त्याच्या बायकोच्या दारात आली. त्यांच्याकडे कुलमुखत्यारपत्र होतं, मरण्याआधी त्यानं म्हणे सही केलेलं; विहिरीजवळची जमीन विकायचा अधिकार त्यांना दिलेला. खरवईला तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या. बाईनं ती सही पाहिली आणि सरळ आमच्या ठाण्यात येऊन तक्रार दिली. पुढे उल्हासनगरमधल्या एका गाळ्यातून प्रिंटर, रबरी शिक्के, शाईचं पॅड आणि कोरे स्टॅम्प पेपर मिळाले. हस्ताक्षर तज्ज्ञानं सही खोटी असल्याचा अहवाल दिला. दोघांना शिक्षा झाली. तेवढी कैद त्यांनी आधीच भोगली होती, म्हणून त्यांनी अपील केलं नाही. हे सगळं माझ्या आधीच्या कारकुनाच्या काळातलं. मी फक्त निकालाचा शेवट वाचला.

शेवटी लिहिलं होतं: अनुक्रमांक एक सरकारजमा करावा. अनुक्रमांक दोन ते चार बिनकिमतीचे असल्याने नष्ट करावेत. अनुक्रमांक पाच फिर्यादीस परत द्यावा. सगळं अपिलाची मुदत संपल्यावर.

मी आमचं रजिस्टर उघडलं. एक, प्रिंटर. दोन, रबरी शिक्के आणि पॅड. तीन, स्टॅम्प पेपर. चार, एक वही. पाच, प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात सातबाऱ्याच्या झेरॉक्स आणि लाइट बिलं. फोल्डर फिर्यादी बाईचंच होतं. सगळं बरोबर जुळलं. अपील नसल्याचा दाखला कोर्टातून आणला, दोन महिने कधीच उलटून गेले होते.

एका शनिवारी सकाळी ठाण्याच्या मागच्या आवारात पत्र्याच्या पिंपात जाळ केला. समोर दोन पंच, एक उपनिरीक्षक, फोटो काढायला एक शिपाई. त्या दिवशी सहा गुन्ह्यांचा माल होता. शिक्के मी स्वतः सुरीनं कापले. स्टॅम्प पेपर फाडून टाकले. मग वही घेतली. दोनशे पानी, शाळेतली असते तशी, वर निळ्या कागदाचं कव्हर घातलेलं. टाकायच्या आधी सहज उघडली. मोठ्या, ठळक अक्षरात एकेक ओळ होती आणि ओळींच्या मध्ये पुष्कळ जागा सोडलेली. एक ओळ वाचली: ‘हात भाजलाय ना, आज भाकरी करू नको, मी पाव आणतो.’ खोटे कागद करणाऱ्यांच्या वहीत असली ओळ कशी, असं एक क्षण वाटलं. पंचांपैकी एक जण दुकान उघडायचंय म्हणून घाई करत होता. मी वही पिंपात टाकली. कव्हर जाड होतं, पेटायला वेळ लागला, म्हणून काठीनं खाली ढकलली.

सोमवारी प्रिंटर लिलावासाठी कोर्टाचा जमा माल बघणाऱ्या नाझराकडे पाठवला आणि खरवईच्या बाईंना नोटीस पाठवली, की तुमची वस्तू घेऊन जा.

त्या गुरुवारी आल्या. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी. मी बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या कानाला बोट लावून हात हलवला. ऐकू येत नव्हतं. बोलता मात्र येत होतं. आवाज मोठा आणि एकसुरी, सगळ्या ठाण्यानं माना वळवल्या. म्हणाल्या, पंचविशीत ताप आला त्यात कान गेले, काय असेल ते कागदावर लिहा, मी चौथीपर्यंत शिकलेली आहे.

मी फोल्डर पुढे ठेवलं आणि पावतीवर सही कुठे करायची ते दाखवलं. त्यांनी फोल्डर उघडलं. एकेक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. फोल्डर उलटं करून झटकलं. मग म्हणाल्या, “ह्ये नाय. वही. माझ्या मालकाची वही.”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी हातानं वहीचा आकार दाखवला, पान उलटायची, लिहायची खूण केली. म्हणाल्या, कान गेल्यापासून मालक माझ्याशी वहीत लिहून बोलायचा. मी तोंडानं बोलायचे, तो लिहायचा. आधीच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या, काही पावसात गेल्या, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, माणूस होता ना घरात. ही शेवटच्या वर्षाची एकच राहिली होती. त्याचं अक्षर पाहिजे म्हणून तुमच्या साहेबांनी मागितली आणि मी दिली. केस संपली की परत देतो, असं म्हणाले होते.

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं लोक म्हणतात. मला तसं काही झालं नाही. मला फक्त ऐकू येईनासं झालं. बाई बोलत होत्या, बाजूला वायरलेस चालू होता, आणि माझ्या कानात काहीच शिरत नव्हतं. डोळ्यांपुढे ते निळं कव्हर होतं आणि त्याला खाली ढकलणारी माझी काठी.

पुढे मी जे केलं त्याची लाज आजही वाटते. मी कागदावर लिहिलं, ‘सोमवारी या. शोधून ठेवते.’ त्यांनी वाचलं, मान हलवली, माझ्या दंडावर हात ठेवून “बरं ताई” म्हणाल्या आणि गेल्या. शोधून ठेवते. राख कुठे टाकली हेसुद्धा मला माहीत होतं.

मी रजिस्टर आणि निकाल पुन्हा पुन्हा ताडून बघितले. चार नष्ट, पाच परत. माझं काय चुकलं ते दिसत नव्हतं. आमच्या रायटरला, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणाऱ्या हवालदाराला, सगळं सांगितलं. आम्ही एकाच बॅचचे, तो माझ्या भल्याचंच बोलत होता. म्हणाला, कोर्टाचा हुकूम पाळलास, कागद तुझ्या बाजूने आहे, बाईला ‘हुकमाप्रमाणे नष्ट’ असं लेखी देऊन टाक. पुढे कोणी विचारत नाही. ती बहिरी बाई कुठे भांडायला जाणार?

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित मी तसंच केलं असतं. सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी उल्हासनगर कोर्टात गेले. तिथल्या मुद्देमालाच्या लिपिकाला मी ओळखत होते; शांत माणूस, निवृत्तीला आलेला. त्यांनी फाइल मागवली, दोषारोपपत्राबरोबर गेलेली मुद्देमाल यादी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. एक, प्रिंटर. दोन, रबरी शिक्के. तीन, शाईचं पॅड. चार, स्टॅम्प पेपर. पाच, वही.

आमच्या रजिस्टरात शिक्के आणि पॅड एकाच नंबरवर होते. कोर्टाच्या यादीत दोन वेगळे. तिथून पुढे सगळं एकानं सरकलं होतं. आणि बाईंचं फोल्डर कोर्टाच्या यादीत नव्हतंच; त्यातले मूळ कागद आधीच फाइलला लागले होते, आमच्याकडे नुसत्या झेरॉक्स उरल्या होत्या. न्यायाधीश आपल्या यादीवरून लिहितात. त्यांनी वही परत द्यायला सांगितली होती. अगदी स्पष्ट सांगितली होती.

“तुम्ही यादी मागवली नव्हती?” लिपिकांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. वर्षभरात एकदाही मागवली नव्हती. नंबर जुळतात म्हणजे वस्तूही जुळतात, एवढंच धरून मी पिंपं पेटवली होती. त्या वर्षात अजून किती गुन्ह्यांत नंबर सरकले असतील, हे तेव्हा मनात आलं. फाइल चाळता चाळता लिपिक थांबले. म्हणाले, वहीतली सही असलेली तीन सुटी पानं तज्ज्ञाकडे पाठवली होती, ती वहीबरोबर परत गेली नाहीत. पुरावा म्हणून त्यांवर निशाणी नंबर पडलाय. ती इथे आहेत. त्यांनी फाइल थोडी वाकवून मला तीन पिवळट कडा दाखवल्या. काढून दिल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. फाइलमधला कागद न्यायाधीशांच्या हुकमाशिवाय बाहेर जात नाही. बाईंनी अर्ज करावा, म्हणाले, अपील नाही, सरकारी वकिलांची हरकत नसेल तर साक्षांकित प्रत ठेवून मूळ पानं परत मिळू शकतील.

ठाण्यात येऊन मोठ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बाईला तुम्ही सांगायचं, कोर्टाला रिपोर्टही तुम्हीच लिहायचा आणि काही लपवायचं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारपर्यंत थांबायला मला जमलं नाही. शनिवारी साध्या कपड्यात खरवईला गेले. इमारतींच्या मागे त्यांचं कौलारू घर अजून होतं, पुढे वाल पेरलेला. बाई सूप घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, मी पिशवी आणली आहे का ते बघितलं. पिशवी नव्हती.

मी कोरा कागद आणि पेन नेलं होतं. वाटेत चार वाक्यं ठरवली होती: यादीत तफावत, नंबर सरकले, हुकमाचा अर्थ चुकला. ओट्यावर बसून लिहायला घेतलं तेव्हा त्यातलं काही हाताला आलं नाही. ऐकणाऱ्या माणसापुढे आपण आधी इकडचं तिकडचं बोलतो, आवाज खाली आणतो. कागदावर तसली सोय नसते. मी लिहिलं, ‘मावशी, वही मी जाळली. चुकून. माझी चूक आहे.’

त्यांनी कागद लांब धरून वाचला. ओठ हलत होते. “जाळली” हा शब्द त्यांनी मोठ्यानं वाचला. पुन्हा वाचला. मग कागद मांडीवर ठेवून सूप उचललं आणि तांदूळ पाखडायला लागल्या. मी बसून राहिले. तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते.

“समदी?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. तीन पानांचं मी मुद्दाम लगेच सांगितलं नाही. आधी जे केलं ते नीट सांगून होऊ दे, असं वाटलं.

“वाचलीस?”

मी बोटानं दाखवलं, एक ओळ.

“कंची?”

मी कागद परत घेतला आणि ती ओळ लिहिली. हात भाजल्याची, भाकरी करू नको म्हटल्याची, पाव आणतो म्हटल्याची. त्यांनी वाचली आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी खाली बघितलं. मग त्या त्यांच्या त्या मोठ्या आवाजात सांगायला लागल्या, की हात कुठे भाजला होता, तेल कसं उडालं, आणि पाव आणायला गेलेला माणूस बटाटेवडेही घेऊन आला. उजव्या मनगटावरचा डाग त्यांनी मला दाखवला. त्या रडल्या नाहीत. मी रडले, आणि ते मला तिथे शोभलं नाही.

तीन पानांचं मी त्यानंतर लिहून सांगितलं. त्यांनी फार काही दाखवलं नाही; अर्ज कुठे करायचा एवढं विचारलं. मी लिहिलेला कागद मात्र मला परत दिला नाही. माझा गुन्हा आणि त्यांच्या नवऱ्याची ओळ एकाच कागदावर होती. मी खुणेनं विचारलं, माझा भाग फाडून घेऊ का. त्यांनी नको म्हटलं आणि घडी घालून कमरेला खोचला.

कोर्टाला मी दीड पानाचा रिपोर्ट दिला. न्यायाधीश मॅडमनी मला उभं करून एकच प्रश्न विचारला, वस्तू नष्ट करण्यापूर्वी तिच्याकडे बघितलं होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे विभागीय चौकशी झाली, सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला होता. एकवीस वर्षांत मी चोर बघितले, खुनी बघितले, आणि कोणाचं काही कायमचं नाहीसं करणारी मी नव्हे, हे धरूनच चालत आले होते. ते इतकं सोपं होतं. सील शाबूत होतं, पंच हजर होते, फोटोसुद्धा काढला होता. पंचनाम्यावर चारही सह्या बरोबर जागी होत्या.

त्यानंतर मागच्या वर्षभराच्या सगळ्या याद्या कोर्टातून मागवून एकेक ताडली. दोन ठिकाणी नंबर सरकले होते; नशिबानं दोन्हीकडे दारूच होती, ती तशीही नष्टच करायची होती. आता यादी हातात आल्याशिवाय मी वस्तूला हात लावत नाही, आणि नंबराऐवजी वस्तूचं नाव मोठ्यानं वाचून दाखवते. पंच कंटाळतात.

मावशींच्या अर्जावर सरकारी वकिलांनी हरकत नसल्याचं लिहून दिलं. हुकूम झाला त्या दिवशी मीही कोर्टात गेले. बोलावलं कोणीच नव्हतं. लिपिकांनी तीन पानं मोजून दिली, मावशींनी पावतीवर सावकाश, पूर्ण नावाची सही केली. व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. पानांच्या कोपऱ्यात लाल शाईनं निशाणी नंबर होते. तज्ज्ञाला सह्या हव्या होत्या, म्हणून नेमकी सही असलेली पानं निवडली होती, आणि हा माणूस बायकोला वचन देतानाच सही करायचा, असं दिसलं.

त्यांनी पहिलं पान वाचलं, त्यांच्याच आवाजात, वकील वळून बघत असताना. “उद्यापासून दारू बंद. लिहून देतो.” मग मला म्हणाल्या, “खोटं. दुसऱ्याच दिशी पिऊन आलता.”

दुसऱ्या पानावर होतं, विहिरीजवळची जमीन कोणाला विकणार नाही. ते त्यांनी दोनदा वाचलं. “ह्ये पाळलं,” म्हणाल्या.

तिसरं पान मनातल्या मनात वाचलं. वाचता वाचता एकदा हसल्या. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनीही दाखवलं नाही. तिन्ही पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या जिन्याकडे निघाल्या, मी हात दिला तर धरला, पण खाली पोचल्यावर सोडला.